पैशांची निकड आहे: पॉलिसीवर लोन काढू की सरळ सरेंडर करू?

मुक्ता_क
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज स्वतःवर वेळ आली म्हणून लिहितेय. सासूबाईंचं ऑपरेशन ठरलंय आणि आठ-दहा दिवसांत अडीच लाख उभे करायचेत. हाताशी असलेलं सगळं आधीच्या तपासण्यांमध्ये गेलं. माझी एक जुनी एन्डोमेंट पॉलिसी आहे, २० वर्षांची, विमा रक्कम ५ लाख, वर्षाला २५ हजार हप्ता, आत्तापर्यंत १२ हप्ते भरून झालेत. कंपनीत विचारलं तर सरेंडर केली तर २ लाख ९० हजार मिळतील म्हणाले, आणि लोन हवं असेल तर त्याच्या ९०% म्हणजे २ लाख ६१ हजारांपर्यंत. लोनला साडेनऊ टक्के व्याज, सहामाही चक्रवाढ.

म्हणजे दोन्हीत माझं काम भागतं. नवरा म्हणतो मोडून टाक, ३ लाख भरून २ लाख ९० देतायत म्हणजे ती पॉलिसी मुळातच टुकार आहे, वर कर्ज कशाला. माझं मन होत नाहीये, पण का होत नाहीये ते सांगता येत नाही. तुम्ही काय कराल?

खडूस_काका
नवऱ्याचं ऐका. आपलेच पैसे आपल्याला व्याजाने देतात आणि वर उपकार केल्यासारखा चेहरा करतात. मोडा आणि मोकळ्या व्हा.

गोडलिंबू
काका आज सकाळीच फॉर्मात :)
ताई, सासूबाईंना लवकर बरं वाटो. मोडू नका एवढंच सांगेन, मी मोडली होती आणि अजून हळहळते.

सरळसोट
लोन काढा डोळे झाकून. फायदा असा की फेडायचं बंधनच नाही. ईएमआय नाही, वसुलीवाले नाहीत, सिबिल-बिबिल काही बघत नाहीत. व्याज पण नाही भरलं तरी चालतं, मॅच्युरिटीला आपोआप कापून घेतात. माझ्या मित्राने ७ वर्षांपूर्वी काढलंय, एक पैसा भरला नाहीये. फक्त एक लक्षात ठेवा, लोन चालू असेपर्यंत बोनस थांबतो.

हिशोबनीस
@सरळसोट, फेडायचं बंधन नाही हे तुमचं खरं आहे, पण शेवटचं वाक्य चूक. नेहमीच्या नफ्यातल्या पॉलिसीत लोन घेतलं म्हणून बोनस थांबत नाही, हप्ते चालू असतील तोवर पूर्ण विमा रकमेवर बोनस लागत राहतो. बोनस थांबतो तो हप्ते बंद करून पॉलिसी पेड-अप केली की. लोकांची या दोन गोष्टींत नेहमी गल्लत होते. आणि म्हणूनच खडूस_काकांचं 'आपलेच पैसे आपल्याला व्याजाने' हे ऐकायला बरं वाटलं तरी पूर्ण खरं नाही, कारण कंपनी तिकडे तुमच्या पूर्ण रकमेवर वाढही देत असते. प्रश्न इतकाच की ती वाढ जास्त की व्याज जास्त.

मुक्ताताई, उत्तर द्यायच्या आधी दोन गोष्टी सांगा. पॉलिसीला आत्तापर्यंत किती बोनस जमा झालाय? आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, पुढच्या वर्षीपासून २५ हजारांचा हप्ता भरणं जमणार आहे का? मनापासून सांगा, जमवू म्हणून नको.

चष्मिष्ट
माझी टर्म पॉलिसी आहे १ कोटीची. मग मला ९० लाख लोन मिळायला हवं ना? कुठे अर्ज करायचा?

गोडलिंबू
@चष्मिष्ट :D टर्मला सरेंडर व्हॅल्यूच नसते हो, शून्याचे ९०% शून्य.

खडूस_काका
मिळेल की. घरच्यांना. पूर्ण १ कोटी.

चष्मिष्ट
काका, दुष्ट आहात तुम्ही.

मुक्ता_क
@हिशोबनीस, बोनस २ लाख ४० हजार लिहिलाय स्टेटमेंटला, वर्षाला २० हजारच्या आसपास लागत आलाय. हप्ता भरता येईल, माझा पगार नियमित आहे. ह्या वर्षी ओढाताण होईल पण २५ हजार वर्षातून एकदा जमतील. नवऱ्याचं काम मात्र बेभरवशाचं आहे सध्या.

हिशोबनीस
बरं. मग आता जरा निवांत बसून लिहितो, लांब होईल.

आधी ते २ लाख ९० कुठून आले ते बघू, म्हणजे यजमानांचा राग थोडा जागेवर येईल. २० पैकी १२ हप्ते भरले म्हणजे ५ लाखांपैकी ३ लाख 'कमावले', अधिक बोनस २ लाख ४०, झाले ५ लाख ४० हजार. ही पेड-अप रक्कम. पण ती देय आहे ८ वर्षांनी. तुम्ही आज मागताय म्हणून कंपनी त्याला कात्री लावते, तुमच्या बाबतीत साधारण ५४ टक्क्यांवर आणून ठेवलंय. म्हणजे सरेंडर केलं की नुसते पुढचे बोनस जात नाहीत, आधी जमलेल्या बोनसलाही ती कात्री लागते. हे लोकांना सरेंडरचा चेक हातात आल्यावर कळतं.

आता गंमत बघा. पूर्ण २० वर्षांचा हिशोब केला तर ही पॉलिसी टुकारच आहे. बोनस असाच राहिला तर शेवटी ९ लाख मिळतील, २५ हजार वर्षाला भरून, म्हणजे परतावा सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. यजमान बरोबर आहेत. पण ते जे प्रश्न विचारतायत तो १२ वर्षांपूर्वी विचारायचा प्रश्न होता. आज प्रश्न वेगळा आहे. आज तुमच्याकडे २ लाख ९० ची वस्तू आहे, तिच्यात अजून ८ हप्ते घातले की ९ लाख होतात. हा परतावा काढला तर जवळपास ९.४ टक्के येतो! तीच पॉलिसी. कारण सुरुवातीच्या वर्षांचा सगळा खर्च आणि सरेंडरची कात्री हे नुकसान सरेंडर किमतीत आधीच धरलेलं आहे, उरलेली ८ वर्षं ही त्या पॉलिसीची मलई आहे. आणि लोन साडेनऊ सहामाही म्हणजे वर्षाला पावणेदहाला जरासं कमी. म्हणजे जवळपास बरोबरीचा सामना.

निवांत_पाखरू
हे मलईचं पहिल्यांदाच कळलं. मी तर भरलेले हप्ते विरुद्ध मिळणारी रक्कम एवढंच बघायचे.

खडूस_काका
बरोबरीचा सामना आहे ना, मग कटकट कशाला? मोडा. आणि ९ लाख कोणी बघितलेत, बोनसची गॅरंटी आहे का?

हिशोबनीस
नाही, पुढच्या बोनसची गॅरंटी नाही, हा मुद्दा काकांचा रास्त आहे. कमी लागला तर ९.४ चे ८.५ होतील. उलट शेवटचा जादा बोनस मी धरलेलाच नाही, तो मिळाला तर वर जाईल.

रकमेत बघू म्हणजे टक्केवारीचा घोळ नको. ताईंनी अडीच लाखांचं लोन काढलं आणि सरळसोट यांच्या मित्रासारखा ८ वर्षं एक पैसा भरला नाही, फक्त हप्ते भरले. लोन वाढून सव्वापाच लाख होईल. ९ लाखांतून ते कापून हातात पावणेचार लाख. दुसरीकडे, आज मोडली, अडीच लाख दवाखान्यात गेले, ४० हजार उरले, ते आणि दरवर्षीचे वाचलेले २५ हजार साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर ८ वर्षांनी ३ लाख ३५ हजार होतात. म्हणजे काहीही न फेडता, अगदी आळशीपणे वागलं तरी लोन ४० हजारांनी पुढे. आणि व्याज दर सहा महिन्यांनी भरत गेलं (अडीच लाखांवर पावणेबारा हजार आणि वर थोडं) किंवा मुद्दल दोन-तीन वर्षांत फेडलं तर अजून पुढे, कारण साडेसहाने ठेवायचे पैसे तुम्ही पावणेदहाचं कर्ज फेडायला वापरताय.

आणि यात विमा धरलेलाच नाही. देव न करो, पण ३ वर्षांनी काही झालं तर ५ लाख अधिक तोवरचा ३ लाख बोनस, त्यातून लोन व्याजासकट ३ लाख ३० कापून घरच्यांना ४ लाख ७० मिळतील. मोडलेली असेल तर त्या ४० हजारांतलं काय उरलं असेल ते, आणि बाजूला टाकलेले हप्ते.

कोरा_कागद
मला एक शंका आहे. वाचलेले २५ हजार खरंच कोण बाजूला टाकतं? माझ्या बाबतीत तरी मोडलेल्या पॉलिसीचे हप्ते कुठे गेले ते मला आजतागायत सापडलेलं नाही.

गोडलिंबू
@कोरा_कागद +१००. माझे बहुतेक नवीन फोनमध्ये गेले.

सरळसोट
म्हणजे मीच बरोबर होतो. लोन काढा, भरू नका, चैन करा.

पाटीवरची_रेघ
@सरळसोट, जरा थांबा. मी तेच केलं होतं आणि माझी पॉलिसी गेली. म्हणून लिहिते.

माझीही अशीच पॉलिसी होती, पण तुमच्या हिशोबातली एक गोष्ट माझ्याकडे नव्हती. लोन काढलं त्याच वर्षी नोकरी गेली आणि मी हप्तेही थांबवले. मला वाटलं, आता ती पेड-अप होऊन पडून राहील, लोन शेवटी कापतील. काही वर्षांनी पत्ता बदलला, कंपनीला कळवायचं राहिलं. एक दिवस सहज ऑनलाइन बघितलं तर स्टेटस 'फोरक्लोज्ड'. व्याज चढत चढत सरेंडर व्हॅल्यूच्या वर गेलं होतं म्हणून त्यांनी पॉलिसी बंद करून हिशोब मिटवला. नोटीस पाठवली होती म्हणे, जुन्या पत्त्यावर. हातात आलं काहीच नाही. विमाही गेला. चूक माझीच, पण मला कोणी सांगितलं नव्हतं की हे असं होतं.

हिशोबनीस
अगदी हेच, आणि म्हणूनच मी हप्त्याचा प्रश्न आधी विचारला होता. ताईंच्याच आकड्यांवर बघा. हप्ते बंद केले तर पॉलिसी ५ लाख ४० वर गोठली, पुढचा बोनस नाही. २ लाख ९० चे ८ वर्षांत ५ लाख ४० म्हणजे वाढ ८ टक्क्यांची. लोन मात्र पावणेदहाने धावतंय. शेवटी ५ लाख ४० मधून ५ लाख २५ वजा, हातात १५ हजार! एखादा उशीर, व्याजदरात थोडी वाढ, की तेही नाही, आधीच फोरक्लोजर. तेव्हा जिथे हप्ता झेपणार नाही तिथे जवळजवळ पूर्ण मर्यादेचं लोन काढून गप्प बसणं हा सगळ्यात वाईट मार्ग आहे, त्यापेक्षा मोडलेली बरी. लोन की सरेंडर हे व्याजदरावर ठरत नाही हो, पुढचा हप्ता भरणार का यावर ठरतं.

आणि वर्षातून एकदा पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यू आणि लोनची व्याजासकट बाकी, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघायचे. मधलं अंतर कमी होत चाललं असेल तर व्याज भरायला लागा. एवढीच खूण आहे, नोटिशीची वाट बघायची नाही.

सरळसोट
बापरे. मित्राला फोन करतो.

परक्या_गावची
मी बाहेर राहते. इथे लोन असताना पॉलिसी लॅप्स झाली तर वर टॅक्सही लागतो, म्हणजे हातात दमडी नाही पण 'नफा झाला' म्हणून कर भरा. तुमच्याकडे काय नियम ते बघून घ्या, सरेंडरवरही कर लागू शकतो. लोनची रक्कम उत्पन्न धरत नाहीत, हा एक फरक आहेच.

अडकित्ता
माझ्या एजंटने तर तिसराच मार्ग सांगितला होता. जुनी मोडा, त्यातून गरज भागवा, उरलेल्यात नवीन 'जास्त चांगली' पॉलिसी घ्या.

खडूस_काका
एजंटची गरज भागली असती. नव्या पॉलिसीच्या पहिल्या हप्त्यावर कमिशन सगळ्यात जास्त.

हिशोबनीस
काकांशी सहमत, तारीख लिहून ठेवा. पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात, वय वाढलेलं, तब्येतीचे प्रश्न नव्याने, आणि मलईची वर्षं दुसऱ्याला दान.

निवांत_पाखरू
पण मग नवऱ्याचं म्हणणं कधीच बरोबर नसतं का? म्हणजे सरेंडर कधी करावं?

खडूस_काका
नवऱ्याचं म्हणणं बरोबर नसतंच. हा वेगळा धागा काढा.

हिशोबनीस
:) असतं ना. ३-४ हप्तेच भरलेत, पुढे १६ भरायचेत, आणि हप्ता डोईजड आहे, तर मोडणं शहाणपणाचं असू शकतं. तेव्हा लोनही नगण्यच मिळतं, कारण सरेंडर व्हॅल्यूच लहान. मधल्या वर्षांत आकडे मांडल्याशिवाय मी कोणाला काही सांगणार नाही. शेवटची ५-६ वर्षं राहिली असतील तर मोडायचा विचारही करू नये असं माझं मत.

कोरा_कागद
'विचारही करू नये' हे जरा जास्त होतंय. माणसाला कर्जाचीच धास्ती वाटत असेल तर? माझ्या वडिलांना डोक्यावर कर्ज म्हटलं की झोप लागायची नाही. त्यांनी शेवटच्या ४ वर्षांत मोडली, तोट्यात मोडली, आणि शांत झोपले. एक्सेलमध्ये झोपेचा रकाना नसतो.

हिशोबनीस
मान्य. पण हे स्वतःच्याच पैशांच्या तारणावरचं कर्ज आहे, कोणी दारात येत नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगितलं असतं तर?

कोरा_कागद
सांगितलं होतं. मीच सांगितलं होतं.

अडकित्ता
अजून एक विचारून बघा ताई, काही कंपन्या नुसता जमलेला बोनस सरेंडर करू देतात, मूळ पॉलिसी तशीच राहते. कात्री लागतेच, तुमचे २ लाख ४० चे १ लाख ३० वगैरे होतील. पण लोन कमी काढावं लागेल.

हिशोबनीस
हो, असतं ते काही पॉलिसींत. मला स्वतःला आवडत नाही, गेलेला बोनस परत येत नाही. लोनचं तसं नाही. आज लोन काढून सहा महिन्यांनी वाटलं तर सरेंडर करता येतं, बाकी कापून उरलेलं देतात. आज सरेंडर केल्यावर सहा महिन्यांनी पश्चात्ताप झाला तर करायला काही उरत नाही. घाईच्या आठ दिवसांत निर्णय घ्यायचाय तर परतीची वाट असलेला घ्यावा, मला तरी तसं वाटतं.

मुक्ता_क
सगळ्यांचे खूप आभार, रात्री नवऱ्याला बसवून धागा वाचायला लावला. मलईपर्यंत आल्यावर गप्प झाला, आणि पाटीवरची_रेघ यांची पोस्ट वाचून म्हणाला, मग हप्त्याचे पैसे आधी बाजूला काढ. तेवढ्यावर मिटलं.

काल जाऊन आले. माझा या वर्षीचा हप्ता ग्रेस पिरियडमध्ये होता हे मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं (मलाच आठवत नव्हतं!). काउंटरवर म्हणाले, आधी हप्ता भरा किंवा लोनमधून कापून देतो. मी भरला, १३ झाले. मग मूळ बाँड, लोनचा अर्ज, पॉलिसी कंपनीच्या नावे असाइन करायचा कागद, रद्द केलेला चेक एवढं लागलं. बाँड त्यांच्याकडेच राहतो, लोन फिटलं की परत. पत्ता आणि फोन नंबर पण तिथेच बदलून घेतला. चार-पाच दिवसांत पैसे जमा होतील म्हणाले.

अडीच नाही, २ लाखच काढले. ५० हजार ऑफिसमधून पगारातला अॅडव्हान्स मिळाला, बिनव्याजी. म्हणजे सहामाही व्याज साडेनऊ हजार पडेल, तेवढं तरी भरतच जायचं ठरवलंय.

हिशोबनीस
उत्तम. एकच सांगतो, पहिल्या व्याजाची तारीख पावतीवर बघा, ती बरोबर सहा महिन्यांनी येईलच असं नाही, पॉलिसीच्या वार्षिक तारखेशी जोडलेली असली तर लवकरही येते आणि तेव्हा रक्कम वेगळी दिसते. घाबरू नका.

पाटीवरची_रेघ
पत्ता बदललात हे वाचून मला फार बरं वाटलं.

गोडलिंबू
सासूबाईंचं काय झालं ते कळवा हं.

सरळसोट
मित्राशी बोललो. त्याने आज पहिल्यांदा बाकी बघितली. सरेंडर व्हॅल्यू ४ लाख १०, लोन व्याजासकट ३ लाख ८८. हप्ते चालू आहेत, अजून ३ वर्षं आहेत. @हिशोबनीस, आता त्याने काय करावं? तो फोनवर आहे, लवकर सांगा.

हिशोबनीस
त्याला म्हणावं फोन ठेव आणि आज जमेल तेवढं व्याज भर, दहा-वीस हजार तरी. बाकीचं उद्या, वर्षाचा हप्ता किती आणि बोनस किती ते विचारून ठेवा.

खडूस_काका
चैन संपली म्हणायची.